सेफ्टी मॅन्युअल मराठीत आणताना: आधी कुलूप, मग झाकण

प्रश्न: मी बुटीबोरीतल्या एका मसाल्याच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. मशीनसोबत आलेलं इंग्रजी मॅन्युअल मराठीत करून घेतलं. भाषा शुद्ध आहे, तरी मिक्सर साफ करताना पोरं मेन बंद न करता आत हात घालतात. सूचनेत 'करावे' लिहायचं की 'करा'? आणि कामगार खरंच पाळतील अशी सूचना लिहायची कशी?

उत्तर:

'करा' लिहा. 'करावे' हे मराठीत सल्ल्याचं रूप आहे. 'रोज सकाळी फिरायला जावे' आणि 'मेन स्विच बंद करावा' या दोन्ही वाक्यांचं रूप एकच, म्हणून वाचणाऱ्याच्या मनात वजनही एकच पडतं. 'बंद करण्यात यावा' त्याहून वाईट, कारण त्यात करणारा माणूसच नाही. ऑपरेटरला वाटतं हे फिटरसाठी लिहिलंय, फिटरला वाटतं ऑपरेटरसाठी. 'करा' म्हटलं की वाचणारा समजतो, हे मला सांगताहेत. अरेतुरेतलं 'कर' मात्र नको. शिफ्टमध्ये पन्नाशीचे ऑपरेटर असतात, त्यांना कागदाने एकेरीत बोललेलं आवडत नाही आणि आवडूही नये.

दोन शब्द तुमच्या मॅन्युअलमध्ये शोधा आणि सापडतील तिथे थांबा. एक 'कृपया'. जिवाशी खेळ आहे तिथे विनंती करायची नसते. दुसरा 'शक्यतो'. इंग्रजीतल्या 'शुड' या शब्दासाठी भाषांतरकार तो सवयीने लिहितात आणि 'झाकण शक्यतो बंद ठेवावे' असं वाक्य तयार होतं. याचा कामगाराने लावलेला अर्थ असा की घाई असेल तर उघडं चालेल. तो अर्थ चुकीचा नाही, वाक्यच तसं आहे. 'शुड' दिसला की मी तुमच्यासारख्या सेफ्टी ऑफिसरला किंवा मशीनच्या इंजिनिअरला विचारते: हे न करता चालेल का? 'नाही' म्हणाले तर 'करा' लिहिते. 'चालेल' म्हणाले तर ते वाक्य सूचनेतून काढून माहितीच्या परिच्छेदात टाकते.

पण तुमची खरी अडचण क्रियापदाच्या रूपात कमी आणि वाक्याच्या क्रमात जास्त असेल, असं मला वाटतं. गेली 18 वर्षं मी हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांसाठी मॅन्युअल मराठीत आणते. त्यातली बहुतेक दुरुस्ती क्रमाचीच असते. तुमच्या मिक्सरच्या पानावर साधारण असं वाक्य असणार:

'रक्षक आवरण काढण्यापूर्वी विद्युत पुरवठा विलग व कुलूपबंद न केल्यास अनवधानाने यंत्र सुरू होऊन गंभीर इजा अथवा मृत्यू ओढवू शकतो.'

व्याकरणाची एकही चूक नाही. आता ते हेल्परच्या डोळ्यांनी वाचा. बोट ठेवून, एकेक शब्द. पहिली कृती कोणती येते? आवरण काढणे. कुलूप त्यानंतर येतं, तेही 'न केल्यास' मध्ये अडकलेलं. हाताने काय करायचं ते वाक्यात कुठेच सरळ सांगितलेलं नाही, फक्त न केल्यास काय होईल ते सांगितलंय. इंग्रजीत 'झाकण उघडण्यापूर्वी' हा भाग वाक्याच्या शेवटी जातो, म्हणून तिथे कुलूप आधी वाचलं जातं. मराठीत 'पूर्वी' असलेला भाग पुढे येतो आणि कृती उलट्या क्रमाने वाचल्या जातात. हळू वाचणारा माणूस वाचत वाचत काम करत असेल तर तो झाकणाला हात घालून मग पुढचं वाचेल.

'कुलूप लावल्याशिवाय झाकण उघडू नका' हेही मी टाळते. 'शिवाय' आणि 'नका' असे दोन नकार वाचणाऱ्याला मनात उलटसुलट करावे लागतात. त्यापेक्षा 'आधी कुलूप लावा. मग झाकण उघडा.' हात ज्या क्रमाने चालला पाहिजे त्याच क्रमाने शब्द, आणि एका वाक्यात एकच क्रिया.

आता क्रियापद निवडण्याबद्दल, कारण यात माझ्या हातून एक चूक झाली आहे आणि ती मी विसरणार नाही. हिंगण्याच्या एका कारखान्यात पाऊच पॅकिंगच्या मशीनचं पान मी केलं होतं. त्या मशीनचे सीलिंगचे जबडे हवेच्या सिलिंडरवर चालतात. दुरुस्तीच्या आधी लाईनमध्ये साठलेली हवा बाहेर घालवायची असते. मी लिहिलं, 'जबड्याचं काम करण्याआधी हवा सोडा.' मला अर्थ अगदी स्वच्छ वाटला होता. फिटर जबड्यापाशी बसला आणि त्याने हेल्परला कागद वाचायला सांगितला. हेल्परने वाचलं आणि जाऊन हवेचा कॉक उघडला. जबडा मिटला. फिटरने हात ओढला म्हणून बोटं वाचली, एक नख गेलं. हेल्पर रडवेला होऊन एकच सांगत होता, 'हवा सोडा लिहिलं होतं ना जी, म्हणून सोडली.'

त्याचं बरोबर होतं. आपण 'नळाला पाणी सोडलं' म्हणतो तेव्हा पाणी सुरू झालेलं असतं. 'कालव्याला पाणी सोडलं', 'लाईन सोडली' या सगळ्यांत 'सोडणे' म्हणजे चालू करणे. 'सायकलची हवा सोडली' मध्ये मात्र सोडणे म्हणजे बाहेर घालवणे. दोन्ही अर्थ रोजच्या वापरातले, आणि मशीनवर ते एकमेकांच्या बरोबर उलटे. तेव्हापासून मी 'लाईनमधली हवा बाहेर काढा' लिहिते आणि लगेच पुढे खूण देते: 'गेजचा काटा 0 वर आला का ते पहा.'

'बंद करा'चंही असंच. झाकण बंद करा म्हणजे लावा, मशीन बंद करा म्हणजे थांबवा, आणि कॉक बंद करा म्हणजे आडवा फिरवा. त्यामुळे 'झाकण व मशीन बंद करा' असं एकत्र कधी लिहू नका. झाकणासाठी 'लावा', मशीनसाठी 'थांबवा', स्विचसाठी 'ऑफवर फिरवा' असं ठरवून टाका आणि पूर्ण मॅन्युअलभर तेच ठेवा. शाळेत निबंधात एक शब्द परत आला की मार्क कापायचे. इथे उलट, एका कृतीला दुसरा शब्द आला की माणसाला वाटतं कृतीही दुसरी आहे.

तुमचा मिक्सर मसाल्याचा आहे, म्हणजे बहुतेक आडव्या टाकीत पट्टीसारखं ब्लेड फिरणारा. वर झाकण, झाकणाला लिमिट स्विच, खाली माल सोडायची झडप आणि ती झडप हवेच्या सिलिंडरवर. असं धरून वरच्या त्या एका वाक्याचं पान मी असं करेन:

इशारा
ब्लेड फिरलं तर हात तुटेल. जीवही जाईल.

1. ऑपरेटरला सांगा: मिक्सर साफ करायला घेतोय.
2. लाल स्टॉप बटण दाबा. ब्लेड पूर्ण थांबू द्या.
3. मेन स्विच एम-3 ऑफवर फिरवा.
4. एम-3 ला तुमचं कुलूप लावा. चावी तुमच्या खिशात ठेवा.
5. हवेचा निळा कॉक आडवा फिरवा. त्यालाही तुमचं कुलूप लावा.
6. लाईनमधली हवा बाहेर काढा. गेजचा काटा 0 वर आला का ते पहा.
7. झाकण लावलेलंच ठेवा. स्टार्ट बटण दाबून पहा. मशीन सुरू झाली तर काम थांबवा, इलेक्ट्रिशियनला बोलवा.
8. मशीन सुरू झाली नाही? आता झाकण उघडा.

एका वाक्याची आठ पावलं झाली. कागद जास्त लागेल, लागू द्या.

यातली काही पावलं नीट समजून घ्या, कारण भाषांतरकाराला मशीन कळलं नाही तर ती हमखास चुकतात. सातवं पाऊल आठव्याच्या आधीच हवं. झाकण उघडून मग स्टार्ट दाबलं तर लिमिट स्विचमुळे मशीन तशीही सुरू होणार नाही आणि मेन बंद नसतानाही सगळं ठीक वाटेल. खात्री झाकण लावून केली तरच ती खात्री. काही इंग्रजी मॅन्युअलमध्ये ही दोन पावलं एकाच वाक्यात गुंडाळलेली असतात, तिथे क्रम इंजिनिअरला विचारूनच ठरवा.

दुसरं पाऊल घेतल्यावर बरेच जण थांबतात. स्टॉप बटण किंवा इमर्जन्सी बटण दाबलं की मशीन थांबते, म्हणून करंट गेला असं वाटतं. ते बटण साधारणपणे कंट्रोलचं सर्किट तोडतं, पॅनलपर्यंत आलेला पुरवठा तसाच असतो. दुसऱ्या कोणी बटण फिरवून सोडलं आणि स्टार्ट दाबलं की ब्लेड फिरतं. तुमची पोरं 'मेन बंद न करता' आत हात घालतात, तेव्हा त्यांच्या हिशेबाने ती मशीन बंद करूनच घालत असतात. त्यामुळे याच पानाच्या तळाला एक ओळ टाका: 'इमर्जन्सी बटण म्हणजे मेन स्विच नाही. बटण दाबलं तरी पॅनलमध्ये करंट असतो.'

सहाव्या पावलाला एक मर्यादा आहे. काही मशीनवर हवेचा व्हॉल्व्ह असा असतो की कॉक बंद करून लाईन रिकामी केली तरी सिलिंडरच्या आत हवा अडकून राहते. गेज 0 दाखवतं आणि झडप तरी हलते. तुमची झडप तशी आहे का ते फिटरला विचारा. असेल तर त्याआधी झडपेला टेकू लावायचं वेगळं पाऊल लिहावं लागेल. हे भाषेने सुटणारं नाही.

वरचा 'इशारा' हा शब्द मी मनाने घेतलेला नाही. मशीनची मॅन्युअल बहुधा ठरलेल्या तीन पायऱ्या वापरतात: लाल रंगाची, जिथे टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच; नारिंगी, जिथे तसं होऊ शकतं; आणि पिवळी, जिथे किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते. मी त्यांना 'धोका', 'इशारा' आणि 'सावधान' असे शब्द ठरवून ठेवले आहेत. पायरी बनवणाऱ्याने ठरवलेली असते, ती आपण वाढवायची नाही. सगळ्याच पानांवर 'धोका' छापलं तर चार दिवसांत कोणी त्याकडे पाहत नाही. शब्दांतला फरक कामगाराला सांगून कळत नाही, हेही खरं. म्हणून पायरी रंगात राहू द्या आणि परिणाम साध्या भाषेत लिहा. 'गंभीर इजा होऊ शकते' यातून डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. 'ब्लेड फिरलं तर हात तुटेल' यातून राहतं. इंग्रजीतली शक्यता इथे 'तर' मध्ये आलेली आहे, शेवटी आणखी 'शकतो' लावायची गरज नाही.

पान झालं की ते घेऊन मशीनपाशी जा. तुमच्यासारख्याच एका मसाल्याच्या कारखान्यात मी हे केलं, त्याची हकिगत सांगते. मेंटेनन्सचा दिवस निवडला. मिक्सरचा पुरवठा वरच्या मोठ्या पॅनलवरून आधीच तोडून तिथे सेफ्टी ऑफिसरने स्वतःचं कुलूप लावलं, म्हणजे कोणी चुकलं तरी ब्लेड फिरणार नाही. मग चार जणांना एकेक करून बोलावलं: एक जुना ऑपरेटर, एक महिनाभरापूर्वी लागलेला हेल्पर, एक फिटर आणि रात्रपाळीचा एक कंत्राटी कामगार. कागद दिला आणि एवढंच म्हटलं, 'यात लिहिलंय तसं करून दाखवा.' 'समजलं का?' हे विचारायचं नाही. त्याचं उत्तर 'हो जी' असंच येतं, कळो न कळो. बाजूला गप्प उभं राहायचं आणि हात कुठे अडखळतो ते लिहून घ्यायचं.

त्या दिवशी हेल्पर तिसऱ्या पावलावर वळला आणि शेडच्या दाराकडे चालायला लागला. मी तेव्हा नुसतं 'मेन स्विच' लिहिलं होतं आणि त्या शेडमध्ये 'मेन' म्हणजे दाराजवळचा मोठा स्विच, ज्याने सगळ्या शेडची लाईन जाते. मिक्सरच्या स्विचला तिथे कोणी 'पॅनलचा खटका' म्हणे, कोणी 'मिक्सरवाला'. एकमत नव्हतं, म्हणून आम्ही त्याला नंबरच दिला. पत्र्याची पाटी करून त्यावर एम-3 रंगवलं, ती स्विचवर लावली आणि कागदात तेच लिहिलं. पाटी आणि कागद जुळणं हा भाषांतराचाच भाग आहे. कॉकला निळा रंगही असाच दिला. तुमच्या पॅनलवर अक्षरं इंग्रजी असतील तर कागदावर मराठी शब्दाशेजारी त्या बटणाचा फोटो छापा.

चौथ्या पावलावर ऑपरेटर आणि कंत्राटी कामगार दोघंही थांबले. 'तुमचं कुलूप' वाचून माझ्याकडे पाहत राहिले. त्यांच्याकडे कुलूप नव्हतंच. सगळ्या लाईनसाठी मिळून दोन कुलपं सुपरवायझरच्या कपाटात होती आणि रात्री कपाटाची चावी नसायची. कागद कितीही चांगला लिहिला असता तरी ते पाऊल कोणी घेतलं नसतं. कारखान्याने प्रत्येकाला नाव घातलेलं कुलूप दिलं, आणि दोघं-तिघं मिळून काम करतात तिथे एकाच स्विचवर सगळ्यांची कुलपं बसतील अशी कडी आणली. मगच ते पान छापलं. तुमच्याकडेही पोरं मेन बंद करत नाहीत म्हणता, तर आधी रात्रपाळीला जाऊन कुलूप कुठे आहे ते बघा.

आणि आत हात का घालतात तेही विचारा. मसाला ब्लेडला चिकटतो, खरवडायला काही नसतं, बॅच थांबलेली असते. 'हात घालू नका' एवढंच लिहिलं तर चिकटलेल्या मसाल्याचं काय करायचं हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. आठव्या पावलानंतर 'लांब दांड्याच्या उलथन्याने खरवडा' असं नववं पाऊल टाका आणि उलथना मिक्सरशेजारी खिळ्याला टांगा.

'नका' बद्दल एक गोष्ट राहिली. मराठीत नकार वाक्याच्या अगदी शेवटी येतो. एका शेडमध्ये कन्व्हेअरवर बोर्ड होता, 'चालत्या पट्ट्यावर पाय ठेवू नका'. पेंटरने दोन ओळी केल्या होत्या आणि 'नका' एकटा खालच्या ओळीत आला होता. नंतर त्या खालच्या ओळीसमोरून केबलचा ट्रे गेला. दोन वर्षं तो बोर्ड 'चालत्या पट्ट्यावर पाय ठेवू' एवढंच सांगत होता. नकार वापरायचाच असेल तर क्रियापद आणि 'नका' यांची ओळ तुटू देऊ नका. वर्डमध्ये त्या दोन शब्दांच्या मध्ये साध्या स्पेसऐवजी Ctrl+Shift+Space दाबा, म्हणजे दोन्ही एकत्रच खाली जातात. बोर्डावर 'नका' लाल रंगात आणि शेजारी आडव्या रेघेचं लाल वर्तुळ. जिथे जमेल तिथे करण्याचीच गोष्ट लिहा: 'पूल वापरून पलीकडे जा.'

छापून आलेला अंतिम कागदही स्वतः वाचा. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरं फुटतात, आणि 'स्विच'चा 'सविच' झालेला मी पाहिला आहे.

वऱ्हाडीत लिहायचं का, असं मला इथे नेहमी विचारतात. मी लिहीत नाही. शेडमध्ये गोंदियाचा माणूस असतो तसा नाशिकचाही असतो, आणि बोलीतला बोर्ड वाचून आपली थट्टा केली असं वाटणारे जुने लोक मला भेटले आहेत. प्रमाण मराठीच ठेवा, फक्त शब्द शेडमधले घ्या: पट्टा, झाकण, कॉक, खटका, पॅनल, फिटर. 'विलगक' आणि 'रक्षक आवरण' मी आजवर कोणाच्या तोंडी ऐकलेले नाहीत.

तुमच्याकडे छिंदवाडा, बालाघाट किंवा छत्तीसगडकडचे कंत्राटी कामगार असतील, तर त्यांच्यासाठी हिंदी पान वेगळं करा. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 108 ने सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावायला सांगितलं होतं. पण हात कापला जातो तो बहुसंख्यांचाच असं नसतं. एकाच ओळीत अर्धं मराठी आणि अर्धं हिंदी करू नका. मराठी पान डावीकडे, हिंदी पान उजवीकडे, आणि दोन्हींत पावलांचे आकडे तेच. म्हणजे फिटरने 'पाच झालं का?' असं मराठीत ओरडून विचारलं तरी हिंदी वाचणाऱ्याला कळतं की निळ्या कॉकबद्दल विचारतोय.